आधी ताईची, मग भावाची: अनाथ मुलांची फॅमिली पेन्शन

समजा, कराडच्या पोस्टात टपाल सहाय्यक असलेला एक माणूस 12 जून 2023 रोजी नोकरीत असतानाच गेला. बायको दोन वर्षांपूर्वीच गेलेली. मागे राहिली दोन मुलं. मुलीचा जन्म 4 मार्च 2008 चा, म्हणजे वडील गेले तेव्हा ती पंधरा वर्षांची. मुलगा 20 ऑगस्ट 2012 चा, अजून अकराही पूर्ण न झालेला. दहाव्याच्या दिवशी नातेवाईक जमले आणि ठरलं की मुलांना तासगावला मामाकडे न्यायचं, कारण आजीही तिथेच असते. कुणीतरी म्हणालं, "पोराबाळांना पेन्शन मिळेल, अर्धी तिची, अर्धी याची." ते ऐकून सगळ्यांनाच थोडा धीर आला.

धीर येण्यासारखं होतंच, कारण पेन्शन खरंच मिळणार होती. फक्त ती अर्धी-अर्धी मिळणार नव्हती. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याची फॅमिली पेन्शन भावंडांत वाटली जात नाही. ती एका वेळी एकाच मुलाला मिळते आणि जन्माच्या क्रमाने मिळते. आधी थोरल्याला, आणि थोरल्याचा हक्क संपला की धाकट्याला. मुलगा की मुलगी याचा या क्रमाशी काही संबंध नाही. अपवाद जुळ्यांचा, त्यांना समान वाटा मिळतो. या एका नियमातून पुढचे बहुतेक प्रश्न निघतात, आणि घरची माणसं नेमकी हाच नियम माहीत नसल्यामुळे अडकतात.

कराडच्या या घराचा हिशेब मांडून पाहू. वडिलांचं शेवटचं मूळ वेतन 37,600 रुपये होतं असं धरू. ते 2002 साली नोकरीला लागले, म्हणजे जुन्या पेन्शन योजनेतले. त्यांना 2021 चे केंद्रीय नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम लागू होतात. नोकरीत असताना मृत्यू झाला, तर पहिली दहा वर्षं मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन मिळते. हा वाढीव दर. त्यानंतर मूळ वेतनाच्या तीस टक्के, हा सामान्य दर. म्हणजे या मुलांसाठी 13 जून 2023 पासून, मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून, दरमहा 18,800 रुपये आणि त्यावर महागाई सवलत. 12 जून 2033 नंतर ते 11,280 रुपये होतील आणि महागाई सवलत त्या रकमेवर मोजली जाईल. पगार कितीही लहान असला तरी पेन्शन 9,000 रुपयांच्या खाली जात नाही. वडील निवृत्त झाल्यावर गेले असते तर वाढीव दराचा काळ वेगळा निघाला असता: सात वर्षं, किंवा ते सदुसष्ट वर्षांचे झाले असते तो दिवस, यांतलं जे आधी येईल तोवर.

दहा वर्षांची ही मुदत वडिलांच्या मृत्यूपासून मोजतात. पेन्शन एका मुलाकडून दुसऱ्याकडे गेली म्हणून घड्याळ नव्याने सुरू होत नाही. धाकट्याच्या हातात पेन्शन येईल तेव्हा वाढीव दराचे दिवस जवळपास सरलेले असू शकतात.

आता पेन्शन किती दिवस चालते ते पाहू. लोकांच्या डोक्यात अठरा हा आकडा बसलेला असतो. मूल सज्ञान झालं की सगळं बंद, असं समजलं जातं. प्रत्यक्षात मुलाला किंवा मुलीला पेन्शन पंचविसाव्या वर्षापर्यंत मिळते. त्याआधी लग्न झालं तर त्या दिवशी थांबते. त्याआधी स्वतःची कमाई सुरू झाली तर तेव्हा थांबते. कमाई कशाला म्हणायचं याची मर्यादाही ठरलेली आहे: महिन्याला 9,000 रुपये आणि त्यावर लागू असलेली महागाई सवलत. त्याहून जास्त मिळकत असली की मूल स्वतःच्या पायावर उभं आहे असं मानतात. अठराव्या वर्षी बदलते ती एकच गोष्ट: पैसे कुणाच्या सहीने निघतात. तोवर पालकाच्या, नंतर मुलाच्या स्वतःच्या.

म्हणजे मुलीची पेन्शन 4 मार्च 2026 पर्यंत मामाच्या सहीने निघेल. त्या दिवशी ती अठरा पूर्ण करते आणि पुढे स्वतःच सही करते. तिने शिक्षण चालू ठेवलं, लग्न केलं नाही, नोकरी धरली नाही, तर मार्च 2033 पर्यंत पेन्शन तिच्याच नावावर राहील. मग ती भावाकडे जाईल. तेव्हा भाऊ वीस वर्षांचा असेल. त्याला वाढीव दराने जेमतेम तीन महिने मिळतील, आणि त्यानंतर सामान्य दराने ऑगस्ट 2037 पर्यंत, तो पंचवीस वर्षांचा होईपर्यंत. कागदावर हे सरळ दिसतं. पण मुलीला 2028 साली वडिलांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर नोकरी लागली तर? तिची पेन्शन तिथेच थांबेल आणि भावाकडे जाईल. भाऊ त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांचा, म्हणजे अज्ञान. आणि त्याच्यासाठी पालक कोण, हा प्रश्न नव्याने उभा राहील, कारण 2023 साली मामांनी कोर्टातून फक्त भाचीचं पालकत्व घेतलेलं असेल. पेन्शन तिच्या नावाने निघणार होती, म्हणून वकिलानेही तिचाच अर्ज केलेला असेल. अशा वेळी काही महिने पेन्शन अडकून राहते. थकबाकी नंतर मिळते, पण त्या महिन्यांतल्या शाळेच्या आणि क्लासच्या फिया कुणीतरी खिशातून भराव्या लागतात.

यावर उपाय फार सोपा आहे. कोर्टात जाल तेव्हा सगळ्या अज्ञान मुलांसाठी एकत्र जा. आज पेन्शन कुणाला मिळणार हे बाजूला ठेवून, पुढे ज्यांना मिळू शकते त्या सगळ्यांची नावं आदेशात यायला हवीत.

कोर्टात जावंच का लागतं, हेही नीट समजून घेतलं पाहिजे. आई किंवा वडील हयात असतील तर ते नैसर्गिक पालक असतात. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आधी वडील, त्यांच्यानंतर आई असा क्रम दिलेला आहे. दोघेही गेले की नैसर्गिक पालक उरतच नाही. आजी, काका, आत्या, मामा, थोरली बहीण, यांच्यापैकी कुणीही आपोआप पालक होत नाही, मग मूल जन्मापासून त्यांच्या मांडीवर वाढलेलं असो. मुलाच्या नावावर जमीन असेल तर सात-बारावर अ.पा.क. म्हणून मामाचं नाव लागलेलं असतं. शाळेच्या दाखल्यावरही पालक म्हणून त्यांचीच सही असते. तरी पेन्शनच्या बाबतीत तेवढ्याने काम भागत नाही. कार्यालयाला किंवा बँकेला विचारावंच लागतं की हे पैसे आम्ही नेमके कुणाला देतोय, आणि उद्या हिशेब कुणाला मागायचा.

त्यासाठी 1890 चा पालक व पाल्य कायदा आहे. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा, आणि तोही मूल जिथे प्रत्यक्ष राहतं त्या जिल्ह्यात. वडिलांची नोकरी सातारा जिल्ह्यात होती, पण मुलं आता तासगावात राहतात, म्हणजे अर्ज सांगलीला. साताऱ्याचा वकील धरून तिथेच अर्ज टाकला, तर अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर वेळ जातो. अर्जात मुलाची जन्मतारीख, पत्ता, त्याची मालमत्ता आणि जवळच्या नातेवाइकांची नावं द्यावी लागतात. ज्याला पालक नेमायचं आहे त्याने आपली तयारी असल्याचं लिहून द्यायचं, आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मग न्यायालय जवळच्या नातेवाइकांना नोटीस काढतं.

वेळ जातो तो या टप्प्यावर. नोटीस गेल्यावर काका येतात आणि म्हणतात, आमचंही रक्त आहे. कधी त्यात माया असते, कधी पेन्शन आणि ग्रॅच्युइटीवर नजर असते, आणि बाहेरच्याला दोन्ही सारखंच दिसतं. न्यायालयाचं माप एकच: मुलाचं हित. नातं किती जवळचं हे पाहतात. पालक होऊ इच्छिणाऱ्याचं वागणं आणि ऐपत पाहतात. आईवडिलांची काही इच्छा असेल तर ती लक्षात घेतात. मूल समजतं असेल तर त्याला काय वाटतं हेही विचारतात. पंधरा वर्षांच्या मुलीला न्यायाधीश नक्कीच विचारतील. काकांची हरकत नसेल तर त्यांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडावं, त्याने बराच काळ वाचतो. दहाव्याला जमलेल्या माणसांनी एकमेकांना विचारावी अशी पहिली गोष्ट हीच आहे.

पालक नेमताना न्यायालय दोन गोष्टी वेगळ्या करू शकतं: मुलाला सांभाळणारा पालक आणि मुलाच्या मालमत्तेचा पालक. पेन्शनसाठी अर्ज करताना तो दोन्हींसाठी करावा, म्हणजे बँकेत हरकत निघत नाही. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी या एकरकमी रकमा आहेत. त्या पेन्शनसारख्या क्रमाने मिळत नाहीत. त्या नामनिर्देशनाप्रमाणे, आणि ते नसेल तर कुटुंबातल्या पात्र माणसांत वाटल्या जातात. मुलांच्या वाट्याची अशी मोठी रक्कम न्यायालय बरेचदा मुलांच्या नावाने मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. दरमहाची पेन्शन मात्र पालकाने मुलांच्या संगोपनावर खर्च करायची असते.

खर्च करायची म्हणजे काय, हे मामांनाही कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. पैसा मुलीचा आहे. खातं मुलीच्या नावाने उघडायचं, पालक म्हणून मामांची सही. पेन्शन सरळ मामांच्या बचत खात्यात जमा होत असेल, तर काहीतरी चुकलंय हे समजायला तेवढंच पुरेसं आहे. शाळा, कपडे, दवाखाना, घरखर्चातला तिचा आणि भावाचा वाटा, यासाठी पैसे वापरायला हरकत नाही. घराच्या दुरुस्तीसाठी किंवा स्वतःच्या मुलाच्या लग्नासाठी ते पैसे उसने घेता येत नाहीत. न्यायालय पालकाकडे हिशेब मागू शकतं आणि गैरवापर दिसला तर त्याला काढूनही टाकू शकतं. म्हणून साधी वही ठेवावी आणि तारीखवार लिहावं. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर तीच वही मामांच्या बाजूने बोलेल.

इथे भावाचा एक कठीण प्रश्न येतो. पेन्शन बहिणीच्या नावाने आहे, मग भावाचा खर्च त्यातून करायचा का? नियम पेन्शन क्रमाने देतो, पण ती आहे कुटुंबासाठी. दोघं एका छपराखाली राहत असतील तर घरखर्चात दोघांचंही भागतं, आणि हे कुणाला खटकत नाही. खरी अडचण होते ती भावंडं वेगळी झाल्यावर. बहीण मामाकडे आणि भाऊ काकाकडे अशी वाटणी झाली, की एक घर पेन्शनवर आणि दुसरं घर काही न मिळता चालवायचं, असं होऊन बसतं. दोघांना एकत्र ठेवण्याचं हे एक चांगलं कारण आहे, आणि न्यायालयात ते मांडलंही पाहिजे.

पालकत्वाचा आदेश यायला महिने जातात. तोवर काय? वडिलांच्या कार्यालयाचा प्रमुख मृत्यूचा दाखला आणि अर्ज हाती आल्यावर तात्पुरती फॅमिली पेन्शन मंजूर करू शकतो. ही तरतूद फार कमी लोक मागतात. कार्यालयात जाऊन ती लेखी मागावी आणि अर्जाची पोच घ्यावी. नियमित पेन्शन सुरू झाली की ती मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून मोजली जाते, म्हणून उशीर झाला तरी हक्काचा एकही दिवस वाया जात नाही. अर्जासोबत आई आणि वडील दोघांचेही मृत्यूचे दाखले, मुलांचे जन्मदाखले, आधार, छायाचित्रं, पालकत्वाचा आदेश आणि बँकेचा तपशील द्यावा लागतो. आईचा मृत्यूचा दाखला द्यायचं बऱ्याच घरांच्या लक्षातच येत नाही. पण आई हयात असती तर पेन्शन तिला मिळाली असती, आणि आई नाही म्हणूनच ती मुलांना मिळते. जन्मतारखेकडेही डोळे उघडे ठेवून पाहावं. आधारवर एक, शाळेत दुसरी आणि जन्मदाखल्यावर तिसरी, असं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्यावं. पंचवीस वर्षं कुठून मोजायची हे त्या एका तारखेवरच ठरतं.

मंजुरी झाली की पेन्शन पेमेंट ऑर्डर येते, तिलाच लोक पीपीओ म्हणतात. पीपीओ हातात आल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात. नाव आणि जन्मतारीख. वाढीव दर आणि सामान्य दर या दोन्ही रकमा. आणि वाढीव दर नेमक्या कोणत्या तारखेपर्यंत आहे. आपल्या उदाहरणात ती तारीख 12 जून 2033 असायला हवी. तिथे 2030 दिसलं, तर कुणीतरी निवृत्त माणसासाठीची सात वर्षांची मुदत चुकून लावलेली आहे. ते लगेच लेखी कळवावं, नाहीतर सात वर्षांनी पेन्शन कमी होईल आणि का कमी झाली हे कुणाला आठवणारही नाही.

दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. लग्न झालेलं नाही आणि कमाई नाही, असं वेळोवेळी लिहूनही द्यावं लागतं. मूल अज्ञान असताना हे काम पालकाचं असतं. आणखी एक अडथळा अठराव्या वाढदिवसाच्या सुमारास येतो. त्या सुमारास बँक अज्ञान मुलाचं खातं गोठवते आणि नव्याने केवायसी मागते. घरच्यांना वाटतं पेन्शन बंद झाली. ती बंद झालेली नसते, खातं अडकलेलं असतं. मुलीने आधार, पॅन, नवे फोटो आणि स्वतःच्या सहीचा नमुना घेऊन शाखेत जावं, पेन्शन पुन्हा जमा व्हायला लागेल. याची आठवण फेब्रुवारी 2026 च्या कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवलेली बरी.

मामा आजारी पडले किंवा गेले तर नवा पालक नेमण्यासाठी पुन्हा न्यायालयात जावं लागतं, आजीचं वय पाहता तिला एकटीला पालक करणं म्हणूनच टाळावं. बहीण सज्ञान झाली असेल तर भावाची पालक म्हणून ती स्वतः अर्ज करू शकते. अज्ञान असताना मात्र तिला भावाची पालक होता येत नाही.

मुलांपैकी एखादं मनाने किंवा शरीराने इतकं अपंग असेल की ते कधीच कमावू शकणार नाही, तर त्याचा हक्क पंचवीस वर्षांवर संपत नाही. पंचवीसखालच्या भावंडांचा क्रम संपला की त्याला ती आयुष्यभर मिळते. आईवडील दोघेही सरकारी नोकर असतील तर मुलाला दोन पेन्शन मिळू शकतात, आणि त्या दोन्हींच्या बेरजेवर वरची मर्यादा असते. 2021 च्या फेब्रुवारीत ती मर्यादा वाढवून दरमहा 1,25,000 रुपये केली गेली.

हे सगळं केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचं. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना 1982 चे महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम लागू होतात आणि अटी-मुदती तिथल्याच पाहाव्यात, इथला आकडा तिथे लावू नये. कारखान्यात किंवा खाजगी कंपनीत भविष्य निर्वाह निधी कापला जाणाऱ्यांच्या मुलांना 1995 च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून अनाथ पेन्शन मिळते. तिथली पद्धत वेगळी आहे. विधवेला जी पेन्शन मिळाली असती तिच्या पाऊणपट रक्कम प्रत्येक मुलाला मिळते, एका वेळी दोन मुलांना, वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत. किमान रक्कम दरमहा 750 रुपये आहे. ती अनेक वर्षं वाढलेली नाही, आणि माझ्या मते अनाथ मुलाच्या हातात ठेवण्यासाठी ही रक्कम लाजिरवाणी आहे.

शेवटची विनंती नोकरीत असलेल्या आईवडिलांना. कार्यालयात कुटुंबाचा तपशील देण्याचा जो फॉर्म असतो, केंद्रात तो फॉर्म 4, त्यात तुमच्या सगळ्या मुलांची नावं आणि बरोबर जन्मतारखा आहेत का, हे या आठवड्यात पाहून घ्या. दुसरं मूल झाल्यावर तो फॉर्म नव्याने भरायचा राहून जातो. जोडीदार हयात नसेल, तर मृत्युपत्र करून त्यात मुलांचा पालक कोण असावा हे नावानिशी लिहून ठेवा. कायद्याने तो अधिकार तुम्हाला आहे.